सोंडेतले 40,000 स्नायू मोजले कोणी?

«हत्तीच्या सोंडेत 40,000 स्नायू असतात आणि आपल्या संपूर्ण शरीरात फक्त 650, म्हणून सोंड आपल्यापेक्षा साठपट ताकदवान! एकट्या सोंडेने हत्ती 350 किलोचा ओंडका उचलतो आणि त्याच सोंडेने जमिनीवरची सुईसुद्धा. सोंड म्हणजे हत्तीचा स्ट्रॉ, तिनेच तो पाणी पितो. सोंडेच्या टोकाने त्याला 20 किलोमीटरवरच्या पाण्याचा वास येतो. आणि एकही हाड नसल्यामुळे सोंड कधीच निकामी होत नाही. निसर्गाचा चमत्कार! पुढे पाठवा.»

या संदेशातली पहिली चूक मापातच आहे. एकाची पोती मोजायची, दुसऱ्याचे दाणे मोजायचे आणि दाणेवाला श्रीमंत ठरवायचा, असा हा हिशेब आहे. माणसाच्या शरीरात साडेसहाशेच्या आसपास स्नायू असतात असे आपण म्हणतो, तेव्हा स्वतंत्र नाव असलेले, ठरावीक ठिकाणी सुरू होऊन ठरावीक ठिकाणी संपणारे स्नायू आपल्याला अभिप्रेत असतात. दंडाचा एक स्नायू म्हणजे एक. हा एक स्नायू मात्र आतून एकसंध गोळा नसतो. मटण नीट शिजल्यावर त्याचे लांबलांब धागे सुटतात, ते धागे म्हणजे स्नायुतंतूंच्या बारीक जुड्या. हत्तीच्या बाबतीत सांगितला जाणारा आकडा या जुड्यांचा आहे. याच मापाने माणसाची नुसती मांडी मोजली, तरी 650 हा आकडा केव्हाच मागे पडेल.

हत्तीलाही माणसाचे माप लावायचे ठरवले, तर आकडा अगदीच साधा निघतो. हत्तींच्या शरीररचनेचे जाणकार जेहेस्केल शोशानी यांनी सोंडेच्या प्रत्येक बाजूला सुमारे 8 प्रमुख स्नायू धरले आहेत आणि त्यांच्यातल्या जुड्यांचा अंदाज 1,50,000 पर्यंत नेला आहे. म्हणजे 40,000 हा आकडा पोती म्हणून फार मोठा आहे आणि दाणे म्हणून फार लहान. तो आला कुठून, तर 19व्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंच शरीररचनाशास्त्रज्ञ कुव्हिए याने केलेल्या अंदाजातून. सोंड कापून डोळ्यांनी पाहून केलेला तो अंदाज त्या काळी मोठाच पराक्रम होता, पण त्यानंतरच्या दोनशे वर्षांत तो बहुधा न तपासताच पुढे पाठवला गेला आहे. 2023 मध्ये बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठातल्या गटाने आशियाई हत्तीच्या एका मृत पिल्लाच्या सोंडेचे क्ष-किरणांनी अतिशय सूक्ष्म छेद घेतले आणि संगणकावर जुड्यांची जुळणी केली. तेव्हा सुमारे 90,000 जुड्या सापडल्या, आणि तीही पिल्लाची सोंड होती.

आता त्या «म्हणून» कडे येऊ, कारण खरी गडबड त्या शब्दात आहे. जुड्या जास्त, म्हणून ताकद जास्त, असे होत नाही. स्नायूची ओढ त्याच्या एकंदर जाडीवर, म्हणजे आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते. तेवढ्याच जाडीचा दोर दहा पदरांचा वळला काय किंवा शंभर पदरांचा वळला काय, तो तुटायचा तेवढ्याच ओझ्याला तुटतो. जास्त जुड्यांनी मिळते ती नेमकेपणाची सोय, कारण थोड्याशा भागालाच आवळण्याची आज्ञा देता येते. बर्लिनच्या त्या अभ्यासातही हेच दिसले. सोंडेच्या टोकाशी जे बोटासारखे मांसल टोक असते, त्या एवढ्याशा भागात सुमारे 8,000 जुड्या दाटीने भरलेल्या होत्या. ताकदीचे काम जिथे होते त्या मुळाशी जुड्या जाड, आणि जिथे चाचपायचे, चिमटीत धरायचे तिथे त्या बारीक. आकड्यातून काही शिकायचेच असेल, तर ते या वाटणीतून शिकावे.

मात्र जुड्या कितीही असल्या, तरी हाडाशिवाय त्या ओढणार कशाला, हा प्रश्न उरतोच. सोंड समजून घ्यायची तर सगळ्यात आधी याच प्रश्नाचे उत्तर हवे, आणि नेमके तेच या संदेशात नाही. आपला हात हलतो तो हाडे तरफेसारखी असतात म्हणून. स्नायू फक्त आखडू शकतो, स्वतःहून लांब होऊ शकत नाही. त्याला पुन्हा ताणून पूर्वीच्या लांबीवर आणायला दुसऱ्या बाजूचा स्नायू आणि मध्ये हाड लागते. सोंडेत हाड नाही, सांधा नाही. मग सोंड लांब कशी होते?

आपली जीभ बाहेर काढून पाहावी. जीभ जितकी पुढे जाते तितकी ती अरुंद होते, आणि आत घेतली की जाड होते. स्नायूंमध्ये मुख्यतः पाणी असते आणि पाणी दाबून लहान होत नाही, त्यामुळे जिभेचे एकूण आकारमान कायम राहते. एका दिशेने आवळले की दुसऱ्या दिशेने ती फुगणारच. सोंड, जीभ आणि ऑक्टोपसचा बाहू हे सगळे याच तत्त्वावर चालणारे अवयव आहेत, अशी नीट मांडणी कीर आणि स्मिथ या दोन संशोधकांनी 1985 मध्ये केली. हाडाचे काम इथे आतला दाबच करतो.

सोंडेतल्या जुड्या तीन दिशांना बसवलेल्या असतात. मुळापासून टोकाकडे जाणाऱ्या उभ्या जुड्या एकदम आखडल्या तर सोंड आखूड आणि जाड होते, आणि त्यांतल्या एकाच बाजूच्या आखडल्या तर सोंड त्या बाजूला वळते. मधल्या दोन नळ्यांभोवती, चाकाच्या आऱ्यांसारख्या बाहेरच्या दिशेने गेलेल्या जुड्या आखडल्या तर सोंड बारीक आणि लांब होते. तिरक्या बसवलेल्या जुड्या पीळ देतात. यातला लांब होण्याचा हिशेब तर गमतीचा आहे. सोंड हा एक साधा गोल दांडा मानला आणि त्याची जाडी फक्त 10 टक्क्यांनी कमी केली, तर छेदाचे क्षेत्रफळ 0.9 गुणिले 0.9, म्हणजे 0.81 पट उरते. आकारमान तेवढेच राहायचे असल्यामुळे लांबी 1 भागिले 0.81, म्हणजे जवळपास 1.23 पट होते. दहा टक्के आवळणीत तेवीस टक्के लांबी मिळाली. उंच फांदीवरचा पाला जरासाच लांब राहिला असला, की हत्ती हाच व्यवहार करतो. प्रत्यक्षात सोंड सगळीकडून सारखी ताणली जात नाही. आधी टोकाकडचा भाग सरकतो, मग त्याच्या मागचा, जशी दुर्बिणीची नळी एकेक टप्पा बाहेर येते. शिवाय सोंडेच्या वरच्या बाजूची घड्यांची कातडी खालच्या सुरकुतलेल्या कातडीपेक्षा अधिक ताणली जाते, असे अटलांटा इथल्या जॉर्जिया टेक संस्थेच्या गटाने 2022 मध्ये मोजून दाखवले आहे.

एवढ्या मोकळ्या अवयवाला आवर घालणेही सोपे नसणार. कोणत्याही ठिकाणी, कोणत्याही बाजूला वळू शकणारी सोंड दरवेळी नव्याने कशी वळवायची हे मेंदूने ठरवायचे म्हटले, तर हत्तीला एक पेंढी उचलायला दिवस लागेल. जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी आफ्रिकी हत्तींच्या सोंडांवर चकाकणाऱ्या बारीक टिकल्या चिकटवून अनेक कॅमेऱ्यांनी त्यांची हालचाल टिपली. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसले ते असे, की हत्ती मोजक्या मूलभूत हालचाली एकमेकींना जोडून काम भागवतो, आणि एखादी वस्तू गाठायची असेल तेव्हा सोंडेचा काही भाग ताठ करून मध्ये कोपरासारखा तात्पुरता सांधा तयार करतो. म्हणजे ज्याला हाड नाही म्हणून आपण कौतुक करतो, तो प्राणी गरजेपुरते खोटे हाड आणि खोटा सांधा घडवतो आणि काम झाले की मोडून टाकतो.

सुईच्या मुद्द्याला हाच सांधा उपयोगी पडतो, म्हणून तो आधीच घेतो. अटलांटाच्या प्राणिसंग्रहालयातल्या केली नावाच्या आफ्रिकी हत्तिणीसमोर, जमिनीवरचा दाब मोजणाऱ्या पाट्यावर, कंदाचे मोठे तुकडे, मग लहान तुकडे, आणि शेवटी कोंड्याचा ढीग ठेवण्यात आला. तुकडे जितके बारीक, तितकी ती सोंड जोराने खाली दाबत होती. मोठ्या तुकड्यांना सुमारे 7 न्यूटन, म्हणजे पाऊण किलोच्या वजनाएवढा दाब पुरला, आणि कोंड्याला तो 47 न्यूटनपर्यंत, म्हणजे जवळपास पाच किलोपर्यंत गेला. सैल कण हातातून निसटू नयेत म्हणून ते आधी दाबून एकत्र घट्ट करावे लागतात, आपण भाताचा घास करतो तसेच. हा दाब देण्यासाठी केली सोंडेत एक मुरड पाडत होती, आणि त्या मुरडीखालचा भाग खांबासारखा उभा राहून स्वतःचे वजनही दाबाला जोडत होता. नाजूक काम म्हणजे हलका हात, हा आपला समज इथे उलटा पडतो. बारीक वस्तूला हत्ती जास्त जोर लावतो.

आता त्या सुईबद्दल. कोणत्या हत्तीने, हे संदेशात सांगितलेलेच नाही. आफ्रिकी हत्तीच्या सोंडेला वर आणि खाली अशी दोन बोटे असतात, त्यामुळे तो चिमूट धरू शकतो. आपल्याकडच्या, म्हणजे आशियाई हत्तीला वरचे एकच बोट असते. तो वस्तू त्या बोटाने खालच्या गादीवर दाबतो किंवा सोंडेचा शेवटचा भाग तिच्याभोवती गुंडाळतो. देवळाबाहेर उभ्या केलेल्या हत्तीने नाणे घेताना मी अगदी जवळून पाहिले आहे. टोक आधी तळहातावर फिरते, ओलसर आणि अपेक्षेपेक्षा गरम लागते, दोनदा फुस्स करून हवा सोडते, मग ते बोट नाण्याच्या कडेवरून घसरत घसरत त्याच्यामागे जाते आणि नाणे खालच्या गादीवर दाबले जाते. चिमूट नव्हेच ती, आपण अंगठा न वापरता चार बोटे तळव्याशी मिटून एखादी चीज धरावी तशी ती पकड असते. आणि तळहातावरच्या नाण्याला उचलण्याइतकी कड असते. गुळगुळीत फरशीवर पडलेल्या सुईला ती नसते.

तिथे हत्ती दुसरी युक्ती वापरू शकतो, ती म्हणजे ओढून घेण्याची. केलीसमोर एकदा पातळ, कुरकुरीत टॉर्टिया चिप ठेवली होती, आपल्या पापडाच्या तुकड्यासारखी. तिने सोंडेचे टोक जवळ नेऊन श्वास ओढला आणि ती चकती न मोडता टोकाला चिकटवून उचलली. कंदाचे तुकडे थोडे असले की ती बोटांनी धरी, पुष्कळ आणि बारीक असले की ओढून घेई. म्हणजे हत्ती वस्तू पाहून पद्धत निवडतो, आणि माहितीच्या दृष्टीने सुईच्या गोष्टीपेक्षा हे किती तरी मोलाचे आहे.

याच ओढीतून पाण्याचा मुद्दा येतो. स्ट्रॉच्या एका टोकाला पाणी असते आणि दुसरे टोक तोंडात असते. सोंडेचे दुसरे टोक नाकातून फुप्फुसांकडे जाते. हत्ती सोंडेने पाणी पिऊ लागला तर तो बुडेल. तो पाणी सोंडेत अर्ध्या वाटेवर ओढतो, रोखून धरतो, सोंड वळवून टोक तोंडात घालतो आणि पाणी आत सोडतो. सोंड इथे नळी कमी आणि तांब्या जास्त आहे.

तांब्या म्हटले तरी तो साधा तांब्या नव्हे. केलीवरच्याच प्रयोगात, 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, तिने दीड सेकंदात 3.7 लिटर पाणी ओढले, म्हणजे सेकंदाला जवळजवळ अडीच लिटर. घरातला नळ कितीही मोकळा सोडला तरी या गतीच्या जवळही येत नाही. संशोधकांनी ओढताना सोंडेच्या आतली जाडी अल्ट्रासाउंडने पाहिली, तेव्हा असे आढळले की नाकपुडीची नळी आतून रुंद होते. तिची त्रिज्या 30 टक्क्यांपर्यंत वाढते, आणि त्यामुळे आतली जागा सुमारे 64 टक्क्यांनी वाढते. आऱ्यांसारख्या त्याच जुड्या इथे नळीची भिंत बाहेर ओढतात. पाणी भरताना तांब्याच मोठा होतो. हवा ओढण्याची गती त्यांनी हिशेबाने काढली, ती सेकंदाला 150 मीटरहून अधिक निघाली, म्हणजे ताशी 540 किलोमीटर. माणसाची शिंक यापुढे झुळूक म्हणावी. एवढी ओढ फुप्फुसांनी सोसायची म्हणजे छातीतही काही सोय हवी. इतर सस्तन प्राण्यांत फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्या मध्ये द्रवाचा पातळ थर असलेली एक मोकळी जागा असते. हत्तीत ती जागा संयोजी ऊतीने भरलेली असते. नदी पोहून जाताना हत्ती अंग खोल पाण्यात आणि सोंडेचे टोक वर ठेवून श्वास घेतो, तेव्हा होणारा दाबाचा फरक सोसण्यासाठीही हीच रचना उपयोगी पडते असे मानले जाते.

मोठा हत्ती दिवसाला 100 लिटर आणि उन्हाळ्यात त्याहून बरेच जास्त पाणी पितो. एका खेपेला चार ते पाच लिटर धरले, तर नुसत्या 100 लिटरसाठी वीस-पंचवीस वेळा सोंड पाण्यातून तोंडाकडे जायला हवी. पाणवठ्यावर हत्ती एवढा वेळ का रेंगाळतो, त्याचे हे एक साधे कारण आहे.

स्ट्रॉची कल्पना खोटी ठरवायला प्रयोगशाळाही लागत नाही, नुकते जन्मलेले पिल्लू पुरते. ते आईचे दूध तोंडाने पिते आणि त्या वेळी सोंड वर किंवा बाजूला टाकते. पाण्यावर आले तर पुढचे पाय वाकवून थेट तोंड लावते. सोंड त्याला असते, पण ती कशी वापरायची ते माहीत नसते. पहिले काही महिने ती त्याच्या पायात येते, हवेत गरगर फिरते, कधी ते चोखतही बसते. पाणी ओढून तोंडात सोडण्याचा क्रम नीट बसायला त्याला बराच काळ सराव करावा लागतो.

आता ओंडका. 350 किलो हे वजन मोठा हत्ती हलवतो, यात वाद नाही. वाद «एकट्या सोंडेने» या दोन शब्दांशी आहे. भरलेली बादली अंगाजवळ धरून चालणे आणि हात पुढे लांब करून ती धरणे यांतला फरक आपण सगळे जाणतो. मोठ्या हत्तीची सोंड सुमारे दोन मीटर लांब असते आणि तिचे स्वतःचेच वजन 100 किलोच्या वर भरते. तिच्या टोकाशी 350 किलो आडवे तोलायचे म्हणजे मुळाशी 350 किलो गुणिले 2 मीटर, म्हणजे 700 एवढा पीळ सोसायचा, आणि सोंडेचे वजन वेगळेच. तेच ओझे मुळापासून अर्ध्या मीटरवर आणले, तर पीळ 175 वर येतो. हत्तीला गणित येत नसले तरी हे कळते, म्हणून तो ओझे टोकाने कधी उचलत नाही. लाकूडकामावरचा सुळेवाला हत्ती गुडघे वाकवून सुळे ओंडक्याखाली सारतो, वरून सोंडेचा विळखा घालून ओंडका सुळ्यांवर दाबून धरतो आणि मग मान वर करतो. ओझे सुळ्यांवर असते, उचलते ती मान आणि खांदे, सोंड फक्त पट्ट्यासारखी बांधून ठेवते. ज्यांना मोठे सुळे नसतात अशा माद्यांना म्हणूनच उचलण्यापेक्षा साखळदंडाने ओढण्याचे काम दिले जाते. गडचिरोलीतल्या कमलापूरचा हत्ती कॅम्प आज लोक पर्यटनासाठी पाहायला जातात, पण वन विभागाने हत्ती पाळले होते ते मुळात जंगलातली लाकडे हलवण्यासाठी. तिथल्या एका माहुताला मी विचारले होते, की सोंडेने किती उचलतो. त्याने सोंडेकडे न पाहता हत्तीच्या मानेवर थाप मारली आणि म्हणाला, «उचलते ते हे, साहेब.»

हीच गोष्ट सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यातले बागायतदार वेगळ्या शब्दांत सांगतात. 2002 पासून कर्नाटकातून तिकडे येणारे रानहत्ती माड पाडतात, पण ते सोंडेने उपटून नव्हे. कपाळ आणि सोंडेचे मूळ खोडाला लावून अंगाचा सगळा भार टाकला जातो, आणि माड कलला की मग सोंड कामाला लागते. ती झावळ ओढते, पाय तिच्यावर पडतो, आणि आतला कोवळा गाभा सोंड वेगळा करते. जोराचे काम अंगाचे, निवडीचे काम सोंडेचे.

निवडीचे हे काम पाहायचे तर हत्ती गवत खाताना पाहावा. त्याच कॅम्पात मी एका हत्तिणीजवळ पाऊण तास बसलो होतो. ती गवताचा एक झुपका सोंडेने वेढून ताणून धरी, पुढच्या पायाच्या नखांनी बुंध्याशी टोला मारी, आणि झुपका मुळांसकट आला की तो आपल्याच गुडघ्यावर दोन-तीनदा आपटून माती झाडी. मातीने दात झिजतात, आणि हत्तीचे दात गेले की त्याचे दिवस भरतात. तिचा विळखा दरवेळी एकाच बाजूने पडत होता. आपण डावखुरे-उजवे असतो तसे हत्तीही सोंड एका बाजूने जास्त वळवतात, आणि ज्या बाजूने टोक जमिनीवर घासले जाते त्या बाजूच्या मिशा झिजून आखूड झालेल्या असतात. उजव्या सोंडेच्या गणपतीचे सोवळे किती कडक, यावर घराघरांत होणाऱ्या चर्चेत हे सांगून पाहिले, कोणी फारसे मनावर घेतले नाही.

वासाच्या मुद्द्यात दोन चुका आहेत. सोंडेच्या टोकाला वास कळत नाही. वास ओळखणाऱ्या पेशी कवटीत, नाकाच्या पोकळीतल्या गुंडाळीसारख्या हाडांवरच्या अस्तरात असतात. टोकापासून तिथपर्यंत दोन मीटरची नळी आहे, आणि तिचे काम हवा आणून पोचवण्याचे आहे. म्हणूनच हत्ती सोंड उंच करून तिचे टोक वेगवेगळ्या दिशांना फिरवताना दिसतो. वारा कुठून येतो ते पाहून तो एकेक घोट हवेची चव घेतो, असे म्हटले तरी चालेल. कधी तो टोकाने दुसऱ्या हत्तीच्या मुत्राला स्पर्श करतो आणि ते टोक तोंडात नेऊन टाळूला लावतो. टाळूवरच्या दोन छिद्रांतून तो गंध वास ओळखणाऱ्या एका वेगळ्या अवयवाकडे जातो. मादी माजावर आहे की नाही, हे नराला असे कळते.

नाक तिखट आहे हे मात्र खरेच, आणि त्याचा भक्कम पुरावा आहे. जपानी संशोधकांनी 2014 मध्ये 13 सस्तन प्राण्यांत वास ओळखणाऱ्या प्रथिनांची जनुके मोजली. आफ्रिकी हत्तीत अशी काम करणारी 1,948 जनुके निघाली, कुत्र्यात 811 आणि माणसात 396. थायलंडमधल्या आशियाई हत्तींसमोर सूर्यफुलाच्या बियांच्या झाकलेल्या दोन बादल्या ठेवल्या, तेव्हा ज्या बादलीत बिया जास्त होत्या ती त्यांनी न पाहता, नुसत्या वासाने निवडली. हा अभ्यास 2019 चा. वासाने «काय» ते तर कळतेच, «किती» हेही कळते, ही नवलाची गोष्ट आहे, आणि तिला किलोमीटरची गरज नाही. 20 किलोमीटर या आकड्याला मात्र अर्थच लागत नाही, कारण वास वाऱ्यावर येतो. वारा पाण्याकडून आपल्याकडे आहे की उलट, किती जोराचा आहे, मध्ये डोंगर आहे का, यावर अंतर ठरते. त्यातून हत्तींना जुने पाणवठे वर्षानुवर्षे आठवतात आणि माणसाला ऐकू न येणारे खोल आवाज त्यांना ऐकू येतात. लांबून पाण्याकडे चालत निघालेला हत्ती नाकाच्या जोरावर निघाला की आठवणीच्या, हे नुसते पाहून सांगता येत नाही.

राहिला निकामी न होण्याचा मुद्दा, आणि त्याचे उत्तर झिंबाब्वेत मिळते. 1980 च्या दशकाच्या अखेरीस कारिबा सरोवराच्या काठी, मातुसाडोना राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात काही हत्तींच्या सोंडा लुळ्या पडू लागल्या. सोंडेत मोडायला हाड नव्हते, पण तिला आज्ञा पोचवणाऱ्या मज्जातंतूंना इजा झाली होती, बहुधा कसल्याशा विषारी घटकामुळे. लुळेपणा टोकापासून सुरू होऊन वर सरकत असे. आधी गवताची काडी निसटू लागे, मग पाणी टिकेना, मग सोंड नुसती लोंबू लागे. सोंडेवर आज्ञा धाडणाऱ्या चेतापेशींचे महत्त्व यावरून ओळखावे. चेहऱ्याच्या आणि सोंडेच्या हालचाली सांभाळणाऱ्या मेंदूतल्या केंद्रात आशियाई हत्तीला सुमारे 54,000 आणि आफ्रिकी हत्तीला सुमारे 63,000 चेतापेशी असतात, जमिनीवरच्या इतर सस्तन प्राण्यांहून जास्त. जुड्या सगळ्या जागच्या जागी शाबूत असतात, पण आज्ञा आली नाही तर त्यांतली एकही आखडत नाही.

रानात अशा हत्तीला ओळखण्याच्या काही खुणा आहेत. चालताना सोंड जमिनीवर घासते, किंवा तो डोके झटकून ती सुळ्यावर टाकतो. चारा टोकाने न घेता वरच्या, अजून शाबूत असलेल्या भागाने दाबून घेतो. आणि पाणवठ्यावर इतर हत्ती काठावर उभे राहून पाणी पीत असताना हा एकटा पुढे, खोल पाण्यात चालत जातो, तोंड पाण्याला टेकेपर्यंत.